‘बँड ६’ची सिस्टर पुण्यात परतते तेव्हा

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, सात-आठ वर्षं काम करून महाराष्ट्रात परतणाऱ्या परिचारिकेला इथल्या नोकरीसाठी नव्यानं बायोडेटा करावा लागतो. त्यातला सर्वांत अवघड भाग असतो माथ्यावरचा पाच-सहा ओळींचा सारांश. पहिल्या चाळणीत बहुधा तेवढाच वाचला जातो आणि तो वाचणारी माणसं दोन वेगळ्या प्रकारची असतात. आधी रुग्णालयाच्या एचआर विभागातला कर्मचारी तो वाचतो. त्याला वॉर्डातलं काम माहीत नसतं; तो जाहिरातीतले शब्द आणि अनुभवाची वर्षं जुळवून पाहतो. त्यानंतर तो नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या टेबलावर जातो. तिला वॉर्ड तळहातासारखा ठाऊक असतो, पण एनएचएसची उतरंड ठाऊक असेलच असं नाही. या दोघांनाही कळेल असं लिहिणं हे खरं काम आहे.

अडचण कुठून येते हे कळायला ती उतरंड थोडक्यात समजून घ्यावी लागते. एनएचएसमध्ये २००४पासून डॉक्टर वगळता बहुतेक कर्मचाऱ्यांच्या जागा ‘बँड’मध्ये मोजल्या जातात. भारतातून गेलेली परिचारिका तिथल्या परीक्षा देऊन नोंदणी मिळवते आणि बँड ५वर स्टाफ नर्स म्हणून लागते. बँड ६ला ती वॉर्डातली ज्युनियर सिस्टर किंवा डेप्युटी वॉर्ड मॅनेजर होते आणि पाळीची सूत्रं तिच्या हातात येतात. बँड ७ म्हणजे अख्ख्या वॉर्डाची जबाबदारी. तिकडच्या कुणालाही ‘बँड ६’ एवढं सांगितलं की पुरतं. पुण्यात मात्र त्या आकड्यातून काहीच कळत नाही आणि पदनाम वाचून तर उलटाच समज होतो. ‘ज्युनियर सिस्टर’ वाचणाऱ्याला नुकतीच कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. ‘वॉर्ड मॅनेजर’चंही तसंच. इथल्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांत त्या नावाचा माणूस नर्सिंगचा नसतोच. तो खाटांची सोय, बिलं आणि नातेवाइकांच्या तक्रारी पाहणारा व्यवस्थापनाचा माणूस असतो.

फसवे शब्द आणखी आहेत. ‘एनएचएस ट्रस्ट’ हे तिकडे सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेचं नाव. महाराष्ट्रात ट्रस्टचा दवाखाना म्हटलं की धर्मादाय संस्था आठवते, आणि सहाशे खाटांचं सरकारी रुग्णालय वाचणाऱ्याच्या मनात एखाद्या छोट्या संस्थेएवढं होऊन बसतं. ‘बँक शिफ्ट’ म्हणजे रुग्णालयाच्या राखीव यादीतून घेतलेली जादा पाळी. एचआरच्या टेबलावर तिचा अर्थ लागत नाही. सर्वांत जास्त घोटाळा ‘एनएमसी नोंदणी’ या शब्दांनी होतो. ब्रिटनमध्ये ती नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल. भारतात २०२०पासून एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन, डॉक्टरांची नियामक संस्था. परिचारिकेच्या बायोडेटात ती अक्षरं दिसली की वाचणारा गोंधळतो, किंवा काहीतरी चुकीचं लिहिलंय असं मानून पुढचा बायोडेटा उचलतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पदनामच बदलून टाकणं: बँड ६च्या जागी थेट ‘नर्सिंग सुपरवायझर’ लिहिणं. हा उपाय धोक्याचा आहे. नेमणुकीआधी रुग्णालय जुन्या नोकरीची पडताळणी करतं आणि इंग्लंडहून येणाऱ्या उत्तरात बहुधा रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि अधिकृत पदनाम एवढंच असतं. बायोडेटातलं पद आणि पत्रातलं पद वेगळं निघालं, तर मुळात खऱ्या असलेल्या अनुभवावरही संशय येतो. शिवाय इथला नर्सिंग सुपरवायझर अनेक वॉर्डांवर, रात्रपाळीला तर कित्येकदा सगळ्या रुग्णालयावर देखरेख करतो. बँड ६च्या सिस्टरनं ते केलेलं नसतं. म्हणून अधिकृत नाव नोकऱ्यांच्या यादीत जसंच्या तसं ठेवावं आणि त्या नावाखाली काय काम केलं ते सारांशात सांगावं.

ते सांगण्यासाठी दोन्ही देशांत सारख्याच असलेल्या मापांचा आधार घ्यावा लागतो: रुग्णालयाच्या आणि वॉर्डाच्या खाटा, पाळीत हाताखाली किती जण, रुग्ण कोणत्या आजाराचे आणि किती गंभीर. खाट पुण्यातही खाटच असते. नर्सिंग सुपरिंटेंडंटही मनात हाच हिशोब करत असते, कारण रोजची ड्युटी ती याच आकड्यांवर लावते.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका परिचारिकेनं जीएनएम केलं, पुण्यातल्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत ३ वर्षं काढली आणि मग ती इंग्लंडला गेली. तिथे ३ वर्षं बँड ५ आणि ५ वर्षं बँड ६, दोन्ही श्वसनविकारांच्या वॉर्डात. आता घरच्या कारणानं ती पुण्यात परतली आहे. तिकडून आणलेल्या बायोडेटाच्या माथ्यावर असा मजकूर आहे: ‘एनएचएस फाउंडेशन ट्रस्टमध्ये बँड ६ ज्युनियर सिस्टर. लेव्हल २ रेस्पिरेटरी युनिटचा अनुभव. संसर्ग नियंत्रणाची लिंक नर्स, प्रॅक्टिस असेसर. नियमित बँक शिफ्ट्स. एनएमसी नोंदणी चालू.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही पुण्यातल्या वाचकाला ती किती मोठ्या वॉर्डात होती, कुणाची काळजी घेत होती आणि तिच्या हाताखाली कोण होतं, हे यातून कळत नाही. ‘लेव्हल २’ ही ब्रिटनमधली रुग्णाच्या गंभीरतेची पायरी. इथल्या भाषेत ते एचडीयू. ‘प्रॅक्टिस असेसर’ म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं वॉर्डातलं काम तपासून ते पुरेसं आहे की नाही हे ठरवणारी नोंदणीकृत परिचारिका.

नवा सारांश प्रत्यक्षात इंग्रजीतच लिहिला जाईल; त्याचा आशय मात्र असा असावा: ‘११ वर्षांचा अनुभव असलेली नोंदणीकृत परिचारिका, जीएनएम. ३ वर्षं पुण्यातल्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत, ८ वर्षं इंग्लंडमधल्या ६०० खाटांच्या सरकारी रुग्णालयात. शेवटची ५ वर्षं २८ खाटांच्या श्वसनविकार वॉर्डात शिफ्ट इन-चार्जचं काम. त्यात ६ खाटांचा एचडीयू, बायपॅपवरचे रुग्ण. पाळीतल्या ६ परिचारिका आणि ४ सहायकांना कामाचं वाटप, रुग्ण बिघडल्यास डॉक्टरांना वेळेत कळवण्याची जबाबदारी. विद्यार्थी आणि नव्या परिचारिकांच्या कामाचं मूल्यमापन. हात धुणे, बेडसोर आणि रुग्ण पडण्याच्या घटनांचं दरमहा ऑडिट. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू. पुण्यात कायम वास्तव्य. लगेच रुजू होता येईल.’

यात ‘शिफ्ट इन-चार्ज’ हे पद म्हणून आलेलं नाही, काम म्हणून आलं आहे. त्यामुळे पडताळणीत अडचण येत नाही. ऑडिटचं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. एनएबीएचचं मानांकन असलेल्या किंवा ते मिळवू पाहणाऱ्या रुग्णालयाला बेडसोर, रुग्ण पडणं, संसर्ग यांच्या नोंदी सतत ठेवाव्या लागतात आणि त्या कशा ठेवायच्या हे हाताला माहीत असलेली परिचारिका त्यांना हवी असते. मात्र या परिचारिकेनं ‘एनएबीएचचा अनुभव’ असं लिहू नये. तिनं तशाच प्रकारची कामं वेगळ्या नियामकाखाली केली आहेत, आणि तेवढं सांगणं पुरेसं वजनदार आहे.

अशाच आणखी काही जागांवर हात आवरावा लागतो. बायपॅप मुखवट्यातून दिला जातो. घशात नळी घातलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची काळजी हे वेगळं काम आहे. सारांशात नुसतं ‘व्हेंटिलेटर’ लिहिलं तर आयसीयूची इन-चार्ज सक्शन आणि आर्टेरियल लाइनबद्दल विचारणार, आणि तो हात तर आठ वर्षांपूर्वीचा. आयसीयूची ३ वर्षं कधीची, हे म्हणूनच खाली नोकऱ्यांच्या यादीत तारखांसह स्पष्ट दिसायला हवं. ‘लिंक नर्स’चंही तसंच आहे. तिकडे ती वॉर्डातलं काम सांभाळून संसर्ग नियंत्रण विभागाशी दुवा ठेवते. इथली इन्फेक्शन कंट्रोल नर्स हे पूर्णवेळ पद आहे. एकाच्या जागी दुसरं लिहिता येत नाही.

पुण्यातली जुनी ३ वर्षं अनेक जणी बायोडेटाच्या तळाशी ढकलतात, कारण परदेशातला अनुभव जास्त भारदस्त वाटतो. इथल्या सुपरिंटेंडंटला मात्र वेगळीच शंका असते: औषधांचा इंडेंट, टीपीएची कागदपत्रं, वॉर्डाच्या दारात उभे असलेले दहा नातेवाईक, हे सगळं या बाईंना जमेल का? जुन्या नोकरीचा सारांशातला उल्लेख या शंकेला परस्पर उत्तर देतो. कॅन्युला लावणं, रक्त घेणं ही कामं इंग्लंडमध्ये रुग्णालयानं वेगळं प्रशिक्षण देऊन परवानगी दिल्यावरच परिचारिका करते. ती परवानगी होती आणि काम अलीकडेपर्यंत चालू होतं, तर कौशल्यांच्या यादीत ते जरूर लिहावं. इथे मुलाखतीसोबत हातचं काम पाहिलं जाऊ शकतं.

सारांशाची शेवटची तीन वाक्यं छोटी असली तरी त्यांच्यावर बरंच अवलंबून असतं. महाराष्ट्रात काम करायला राज्याच्या कौन्सिलची नोंदणी लागते आणि तिचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. परदेशात असताना ते राहून गेलं असेल, तर आधी अर्ज करावा आणि सारांशात ‘नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे’ असं खरं तेच लिहावं. ‘कायम वास्तव्य’ हे शब्द तर फारच उपयोगाचे. परतलेली परिचारिका सहा महिन्यांत पुन्हा विमानात बसेल ही धास्ती रुग्णालयांना असते, आणि ती विचारण्याआधीच मिटलेली बरी. घरगुती कारणाचा तपशील मात्र तिथे नको. तो मुलाखतीत, कुणी विचारला तर.

पगाराचा आकडा सारांशात येता कामा नये. नोकरीच्या संकेतस्थळांवर सध्याचं वार्षिक वेतन लाखांत भरायला सांगतात. बँड ६चा वर्षाचा पगार रुपयांत मांडला की ४० लाखांच्या वर जातो आणि तो आकडा पाहून अर्ज बाजूला पडतो. अपेक्षित वेतनाच्या रकान्यात पुण्यातल्या त्या पदाचा चालू पगार भरावा, आणि सध्याच्या वेतनाजवळ जागा असेल तिथे ते इंग्लंडमधलं असल्याचं नोंदवावं.

सारांश जमला की नाही, हे पहिल्या फोनवरून ओळखता येतं. ‘तिकडे नेमकं काय करायचात?’ असा प्रश्न आला, किंवा दोन वर्षं अनुभवाच्या स्टाफ नर्सच्या जागांसाठीच फोन येत राहिले, तर खाटा आणि पाळीची माहिती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचलेली नाही. ती पहिल्या दोन ओळींत आणावी लागेल. ‘बायपॅपवर एका वेळी किती रुग्ण असायचे?’ असं विचारलं गेलं, तर सारांश नर्सिंगच्या माणसापर्यंत गेला आहे. नर्स एज्युकेटरच्या जागेसाठी अर्ज करताना मूल्यमापनाचं वाक्य वर घ्यावं, खाटांचं खाली न्यावं. एकच मजकूर सगळीकडे पाठवू नये.

या सगळ्याला आधार लागतो तो कागदांचा, आणि त्यांची तयारी इंग्लंड सोडण्याआधी करावी लागते. इथली रुग्णालयं अनुभवाचं प्रमाणपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मागतात. तिकडे अशी पत्रं आपोआप मिळतीलच असं नाही. म्हणून राजीनाम्यासोबतच पदनाम, बँड, तारखा, वॉर्डाचा प्रकार आणि शक्य असेल तर खाटांची संख्या लिहिलेलं सहीचं पत्र वॉर्ड मॅनेजरकडून मागून घ्यावं. नोकरी सोडताना मिळणारा पी४५ आणि दरवर्षीचे पी६० हे कराचे कागदही जपून ठेवावेत; पीएफच्या खात्यात ती आठ वर्षं कोरी दिसतात, तेव्हा पडताळणी करणाऱ्याला दाखवायला तेच असतात.