नोकरी लागेपर्यंत बँक थांबते?

बारावीचा निकाल लागला की परतूर काय, अंबड काय, भोकरदन काय, शैक्षणिक कर्जाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘घ्या बिनधास्त, नोकरी लागेपर्यंत बँक काही मागत नाही.’ सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो, की मंजुरीपत्र वाचायची तसदी कुणी घेत नाही.

बँक थांबते, पण नोकरीसाठी नाही. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष एवढीच हप्त्याला सवलत असते. जुन्या नियमात ‘नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी’ असे शब्द होते. मात्र पुढे ‘किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी’ असंही होतं. लोकांनी सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

आणि हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असंही नाही. पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात गेली, त्या दिवसापासून सरळव्याज चढू लागतं.

हिशेबच मांडू. समजा परतूरच्या शेतकऱ्याच्या मुलानं पुण्यात इंजिनिअरिंगसाठी सात लाख घेतले, दरवर्षी पावणेदोन लाख, दर दहा टक्के. चार वर्षं शिक्षणाची आणि एक सवलतीचं धरलं, तर पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं व्याज होतं 87,500 रुपये, दुसरीवर 70,000, तिसरीवर 52,500, चौथीवर 35,000. एकूण 2,45,000. हे सगळं मुदलात मिसळतं आणि हप्ता सात लाखांवर नव्हे, 9,45,000 वर बसतो. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण 12,500, पंधरा वर्षांची घेतली तर सव्वादहा हजारांच्या आत. पंधरा वर्षांत बँकेकडे जातात अठरा लाखांवर. शिकतानाच व्याज भरत गेलं असतं, तर दहा वर्षांचा हप्ता 9,250 च्या आसपास राहिला असता. त्यासाठी पहिल्या वर्षी महिना दीड हजाराच्या आत लागले असते, शेवटी मात्र 5,800 च्या आसपास. कोरडवाहू घराला ते झेपेलच असं नाही, हेही खरं.

आता या मुलाला जालन्यातच एखाद्या बियाणे कंपनीत किंवा स्टीलच्या कारखान्यात, समजा, अठरा हजारांची नोकरी मिळते आहे. काम आवडीचं, जेवण घरचं. पण हप्ता गेल्यावर उरतात साडेपाच हजार. मग तो पुण्यात जास्त पगाराची, नावडती नोकरी धरतो. किंवा ‘एमपीएससी’चा अभ्यास करत सदाशिव पेठेत राहतो, आणि पूर्वपरीक्षेची दुसरी खेप येईतो सवलतीचं वर्ष संपलेलं असतं. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए होतं. कर्जात वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे डाग त्यांच्याही नावावर पडतो आणि खरिपाच्या तोंडावर पीककर्जाचं नवं-जुनं करायला गेल्यावर तो समोर येतो.

‘कर्ज असलं की पोरगं नेटानं कमावतं’ हे यावर मिळणारं ठरलेलं उत्तर. अर्धं खरं आहे. रॉथस्टाइन आणि राऊज या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथं कर्जाऐवजी अनुदान देणं सुरू झालं होतं. कर्ज असलेले पदवीधर जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळले आणि शिक्षकीसारख्या कमी पगाराच्या कामांपासून दूर गेले, असं त्यांना आढळलं. पगार वाढला तो निवड आखडल्यामुळे. स्वतःचा धंदा काढणं तर आणखी अवघड, कारण पहिली दोन वर्षं कमाई बेभरवशाची आणि हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘शेतकऱ्यांसारखं हेही माफ होईल’: 2017 आणि 2019 च्या राज्याच्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या, शैक्षणिक कर्जाचा त्यांत संबंध नव्हता. ‘तारण नसेल तर कर्ज नाही’: आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारणही नाही, जामीनदारही नाही. ‘व्याज सरकार भरतं’: केंद्राच्या योजनेत साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी, ठरावीक संस्थांतल्या अभ्यासक्रमांना आणि फक्त सवलतीच्या काळापुरतं, उत्पन्नाचा दाखला दिला नाही तर तेही नाही.

जे कुणी सांगत नाही ते वेगळंच आहे. याच आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी कर्जाच्या मुदतीत दोन-तीनदा हप्ता थांबवण्याची तरतूद आहे. स्वतःचा उद्योग उभा करणाऱ्याला सुरुवातीच्या काळापुरती सवलत आहे, आणि सुरुवातीला लहान, पुढे वाढत जाणारे हप्तेही बांधून घेता येतात. पण हे आपोआप होत नाही आणि बँकेवर सक्तीही नाही. व्याज तेव्हाही चढतंच. म्हणून सवलतीचं वर्ष संपण्याआधी दोन महिने शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोहोच घ्या. खातं थकल्यावर तोच अर्ज घेऊन गेलात, तर व्यवस्थापकाच्या हाती फारसं काही उरलेलं नसतं.