छिद्र खरं की नुसती खूण?

जुन्या पोथीचा फोटो पाहताना लांबट, अरुंद पान दिसलं की ते ताडपत्रच, असा समज होतो. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या इथेच चकवतात. ताडपत्राच्या मधोमध दोरी ओवायला छिद्र असे. कागद आला तरी लेखनिकांनी पानाचा आडवा आकार जपला आणि मध्ये कोरी जागा सोडली. कधी तिथे लाल ठिपकाही रंगवला. म्हणून फोटो मोठा करून आधी छिद्र आरपार आहे का, ते पाहावं.

मग कड बघावी. ताडपत्राच्या शिरा लांबीला समांतर धावतात, त्यामुळे ते सरळ रेषेत चिरतं. हातकागद वेडावाकडा फाटतो आणि कडेला तंतूंची लव दिसते.

भूर्जपत्रावर बारीक, गडद, आडव्या रेघा असतात, सालीचे पापुद्रे सुटतात. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली गणिती हस्तलिखिताची पानं अशीच ठिसूळ आहेत.

चर्मपत्र भारतीय पोथ्यांत विरळाच. युरोपीय दस्तऐवजांत मात्र केसांच्या मुळांचे ठिपके शोधावेत.

झेरॉक्ससारख्या काळ्यापांढऱ्या फोटोत या खुणा पुसट होतात. तेव्हा कडेचा, तिरप्या उजेडातला दुसरा फोटो मागवावा.