पथकाचे नाव पत्रिकेवर उतरताना

गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने सराव सुरू होतो आणि त्याच सुमारास वाद्यपूजनाच्या पत्रिका वाटल्या जातात. नव्या पथकाचे नाव लोक पहिल्यांदा वाचतात ते या पत्रिकेवर. ढोलाचा पहिला ठोका त्यांच्या कानावर नंतर पडतो. म्हणून नाव ठरवताना ते कागदावर कसे दिसेल याचा विचार आधी झाला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे घडते. टी-शर्टवर शोभेल असा एक भारदस्त शब्द निवडला जातो आणि पत्रिका छापायला दिल्यावर अडचणी दिसू लागतात.

पुण्यातली जुनी शालेय पथके आठवून पाहा. रमणबाग, नूमवि, ज्ञानप्रबोधिनी. ही शाळांची आणि संस्थांची नावे आहेत. ती वाद्यासाठी शोधलेली नव्हती, ती आधीपासून होती आणि पथकाला आपोआप लागली. त्यांत गर्जना नाही, रुद्र नाही, शौर्य नाही. तरी आज ती उच्चारली की पारंपरिक वाटतात, कारण ती एका जागेला आणि तिथल्या माणसांना चिकटलेली आहेत. पुढे पथकांची संख्या वाढली तशी नावे संस्कृत सामासिक शब्दांकडे वळली. शिव, रुद्र, गज, नाद, ब्रह्म, गर्जना, मुद्रा एवढ्या मोजक्या शब्दांतून जोड्या जुळवल्या गेल्या. पहिल्या काही जोड्या खरोखर दमदार होत्या आणि त्या पथकांनी आपल्या वादनाने त्या कमावल्या. आज मात्र तेच शब्द फिरवून केलेले नवे नाव वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. मिरवणुकीच्या पत्रिकेवर अशी तीन नावे एकाखाली एक आली, तर कोणते पथक कुठले हे आयोजकालाही सांगता येत नाही.

माझे मत असे की परंपरेचा भास संस्कृत शब्दाने होतो, पण परंपरेची खात्री ठिकाणाने पटते. ताजेपणाही तिथेच सापडतो, कारण आपल्या गावचा घाट, आळी किंवा डोह दुसऱ्या कुणाच्या नावात सहसा नसतो.

एक उदाहरण नीट पाहू. समजा, वाईतल्या तरुण मुलामुलींना पथक काढायचे आहे. पहिले नाव सुचते ‘कृष्णानाद’. कानाला गोड आहे, पण पत्रिकेवर वाचणारा ते श्रीकृष्णाशी जोडेल. नदी कुठेच दिसत नाही. दुसरे सुचते ‘कृष्णाकाठ’. यात नदी स्पष्ट आहे, पण हे यशवंतराव चव्हाणांच्या आत्मचरित्राचे नाव. सातारा जिल्ह्यात ते वाचताच पुस्तकच डोळ्यांसमोर येते. कुणीतरी ‘ढोल्या’ सुचवेल, कारण वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे आणि शब्दात ढोलही आहे. ते टाळावे. तो देवाचा लाडका उल्लेख आहे. पथकाने तो घेतला, तर पत्रिका देवस्थानची आहे असा समज होईल.

मग येते ‘रामडोह’. वाईत रामडोह आळी आहे. चार सुटी अक्षरे, एकही जोडाक्षर नाही आणि उच्चारताच खोल पाणी मनात येते. मला हे नाव फार आवडते. पण वाईत घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव वेगवेगळा होतो आणि प्रत्येक आळीला आपल्या उत्सवाचा अभिमान असतो. वादक एकाच आळीतले असतील, तर ‘रामडोह’ घ्यावे. गणपती आळी, धर्मपुरी, गंगापुरी अशा सगळीकडून मुले येणार असतील, तर पहिल्याच वर्षी रुसवे होतील. अशा पथकाला ‘कृष्णाघाट’ जास्त बरे. ‘घाट’ शब्दामुळे नदी उघड होते, देवाशी गोंधळ राहत नाही आणि कुठलीही आळी बाहेर पडत नाही. उणीव एकच: मिरजेतही कृष्णाघाट आहे. म्हणून ‘कृष्णाघाट ढोल-ताशा पथक, वाई’ असे गावासह नाव हवे, आणि गाव खाली बारीक अक्षरांत न टाकता त्याच ओळीत हवे.

आता तेच नाव पत्रिकेत बसवून पाहू. ते साधारण तीनदा येते: वर शीर्षकात, मधल्या निमंत्रणाच्या वाक्यात आणि खाली निमंत्रक म्हणून. खरी परीक्षा मधल्या वाक्यात होते, कारण तिथे विभक्ती लागते. ‘गर्जना’ने संपणाऱ्या नावाला प्रत्यय लावताना ‘गर्जनाचे’ लिहावे की ‘गर्जनेचे’, असा प्रश्न पडतो. व्याकरणाने ‘गर्जनेचे’ बरोबर, पण त्यात नावाचा चेहरा बदलतो. उपाय साधा आहे. प्रत्यय नेहमी ‘पथक’ या शब्दाला लावावा. ‘कृष्णाघाट पथकाच्या वाद्यपूजनास आपण यावे’ असे लिहिले की नाव तीनही जागी एकसारखे राहते. नावापुढे ‘ढोल-ताशा व ध्वज पथक’ अशी लांब शेपटी येणारच असते, म्हणून मूळ नाव तीन ते पाच अक्षरांत आटोपले तर ओळ तुटत नाही. ‘प्रतिष्ठान’ हा शब्द मात्र तशी नोंदणी झाली असेल तरच छापावा.

संस्कृत शब्द घ्यायचाच असेल, तर शुद्धलेखन आधी पक्के करावे. स्वतंत्र शब्द ‘भक्ती’ आणि ‘शक्ती’ असे दीर्घ लिहितात, पण समासात ते पहिले आले की ऱ्हस्व होतात: भक्तिरंग, शक्तिनाद. ‘ब्रम्ह’ नव्हे, ‘ब्रह्म’. ‘रूद्र’ नव्हे, ‘रुद्र’. या तीन चुका कमानींवर आणि पत्रिकांवर सतत दिसतात. एकदा ध्वजावर आणि टी-शर्टवर चुकीचे छापले गेले की पुढे तेच नाव होऊन बसते.

मराठीत वाद्यांशी जोडलेले जुने शब्दही आहेत: पडघम, नौबत, निनाद, घोष. त्यांतले ‘नौबत’ पत्रिकेवर विशेष शोभेल असे मला वाटते. कुणीही ते ओळखतो, आणि ताशासारखेच तेही फारसीच्या वाटेने मराठीत रुळलेले आहे, त्यामुळे त्याच्या शेजारी उपरे वाटत नाही. ‘चौघडा’ घेताना मात्र थांबावे. चौघड्यात नगारे आणि सनई असते. तुमच्याकडे ही वाद्ये नसतील, तर बोलावणारा चुकीच्या अपेक्षेने बोलावेल.

भजनी मंडळांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. कोकणात आणि मुंबईतल्या कोकणी वस्तीत ग्रामदैवताचे नाव, पुढे ‘प्रासादिक भजन मंडळ’ आणि मग गाव, असा क्रम ठरलेला आहे. रवळनाथ कितीतरी गावांत आहे, त्यामुळे खरी ओळख पटते ती गावाने आणि बुवांच्या नावाने. या क्रमाला हात लावण्याचे कारण नाही. शहरातल्या सोसायटीत नवे महिला भजनी मंडळ काढणाऱ्यांना ग्रामदैवत नसते. त्यांनी जवळचे जुने देऊळ, ओढा किंवा इमारत उभी राहण्याआधी त्या जागेला असलेले नाव शोधावे.

नाव ठरले की पत्रिकेचा मजकूर एका कागदावर लिहा आणि पथकाबाहेरच्या दोन ज्येष्ठांना मोठ्याने वाचायला द्या. मिरवणुकीतल्या निवेदकाला ते गोंगाटात उच्चारायचे आहे, म्हणून वाचताना जीभ अडखळली तर नाव बदला. तालुक्यात त्याच नावाचे दुसरे पथक नाही ना, एवढेही विचारून घ्या. हे सगळे छापखान्यात जाण्याआधी करा.