जुळणी खरी किती?

दोन परीक्षकांनी त्याच 100 उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासल्या. दोघांनीही 90 जणांना पास, 10 जणांना नापास केले. 82 पास आणि 2 नापास निकाल जुळले, म्हणजे जुळणी 84 टक्के. आकडा छान दिसतो, पण फसवा आहे. दोघांनी पेपर न वाचता, याच प्रमाणात निकाल दिले असते तरी 81 पास आणि 1 नापास, असे सरासरी 82 निकाल योगायोगाने जुळले असते. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला कप्पा हा योगायोग वजा करतो: योगायोगापलीकडची जुळणी 2, शक्य होती 18, भागाकार सुमारे 0.11. पूर्ण एकमत असते तर 1 आला असता. मात्र नापास मुळातच थोडे असले की थोड्या मतभेदानेही कप्पा कोसळतो. म्हणून मूळ तक्ता सोबत पाहावाच. इथे तर दोघांच्या दहा-दहा नापासांत सामाईक फक्त दोन.