इंजिन काढल्यावर चाक कशाला लावायचं?

जुन्या स्कूटरचं इंजिन उतरवायचं, मोटर बसवायची, सीटखाली बॅटरी ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. मोटारसायकलचं इंजिन काढलं, तरी मागचं चाक स्विंगआर्ममध्ये जागेवर राहतं. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचं तसं नाही. तिथे इंजिन, बेल्ट आणि गिअरबॉक्स मिळून एकच अवजड भाग असतो आणि मागचं चाक त्याच्याच दांड्यावर बसतं. इंजिन गेलं की चाकही निराधार. म्हणून स्कूटरच्या किटमधला खरा महत्त्वाचा भाग मोटर नाही, तर चाक पेलणारा नवा पोलादी स्विंगआर्म. तो कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून करून घेण्याची गोष्ट नव्हे.

मोटर चाकातच असते आणि ती फिरताना आपल्या दांड्याला उलटा पीळ देते. दांडा धरून ठेवणारी टॉर्क आर्मची पट्टी कमजोर असली की नट हळूहळू सैल होतो, दांडा खाचेत फिरतो आणि आतून येणाऱ्या वायरी पिळून तुटतात. गाडी सुटताना मागून ‘टक’ असा आवाज येऊ लागला, तर तिथेच थांबावं. चढ चढून आल्यावर बॅटरीचा कनेक्टर हाताला चटका देत असेल, तर तोही इशाराच. तिथली जोडणी सैल किंवा वायर बारीक असते, आणि आग लागते ती बहुधा अशाच जागी.

आता हिशेब. 60 व्होल्ट, 30 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 1.8 युनिट वीज. शहरात किलोमीटरला 30 ते 35 वॉट-अवर लागले, तर पन्नासेक किलोमीटर पल्ला मिळतो. पेट्रोलवर किलोमीटरला सव्वादोन रुपये जात असतील, तर विजेवर चाळीसेक पैसे. बॅटरीसह खर्च 65 हजार धरू. रोज 30 किलोमीटर, वर्षाचे 300 दिवस चालवणाऱ्याचे वर्षाला साधारण साडेसोळा हजार वाचतात आणि पैसे चार वर्षांत वसूल होतात. रोज दहाच किलोमीटर जाणाऱ्याला बारा वर्षं लागतील. तोवर बॅटरीच बदलावी लागेल. त्याने हा नाद सोडावा.

गाडीचं वयही बघायचं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून नूतनीकरण. बारा वर्षांच्या गाडीवर 65 हजार घालण्याआधी चेसिसचा गंज तपासा.

कागदांचं काम शेवटी करू म्हणणारे हमखास अडकतात. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलं, तेही तुमच्या मॉडेलला चालणारं हवं. ते अधिकृत केंद्रातच बसवायचं आणि मग आरटीओत आरसीवरचं इंधन बदलून घ्यायचं. नोंद पेट्रोलची आणि गाडी विजेची असली, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. विक्रेत्याकडे पहिल्यांदा मंजुरीचा कागद मागा. पल्ल्याची चौकशी त्यानंतर.