हाकेतली नावे

आमच्या घराची वंशावळ वहीत उतरवताना आजोबांच्या शेजारी मी त्यांचे दोन थोरले भाऊ लिहिले होते. दत्तात्रय आणि भिकाजी. दत्तात्रय शाळेच्या दाखल्यावर सापडले, भिकाजी जुन्या पत्रांत. खात्री करावी म्हणून आजोबांच्या धाकट्या बहिणीकडे, ९१ वर्षांच्या माईकडे गेलो.

पहिली खेप फुकट गेली. सणाचा दिवस, घर भरलेले. मी विचारी माईला आणि उत्तरे देत तिची मुले-सुना. माई नुसती मान हलवी.

दुसऱ्यांदा दुपारच्या चहाला एकटाच गेलो. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, वही मांडीवर घेतली आणि प्रश्न बदलला. ‘‘माई, तुझी आई थोरल्या भावाला हाक कशी मारायची?’’

माई खुदकन हसली. ‘‘भिक्या! आधीची तीन पोरं गेली होती रे. हा झाला तसा आईनं त्याला शेजारच्या काकूंच्या ओटीत घातला, मग पदर पसरून परत मागून घेतला. भीक मागून आणलेलं पोर काळ तरी कशाला नेईल?’’

‘‘मग दत्तात्रय कोण?’’

‘‘तोच की! पाळण्यात आजोबांचं नाव ठेवलेलं. पण सासऱ्याचं नाव आई कसं घेणार? भिकाच राहिला.’’

माझ्या वहीतली दोन माणसे एक झाली. नाव विचारले की माणसे कागदावरचे सांगतात. हाक विचारली की गोष्ट येते, हे मला तेव्हा उमगले.

पण एकाच तोंडची गोष्ट पक्की कशी मानायची? दुसऱ्या शाखेतल्या काकांना विचारले. त्यांनीही ओटीची हकिगत सांगितली, मात्र आधी गेलेली मुले त्यांच्या मते दोन. मी दोन्ही लिहून ठेवले; कोणी सांगितले आणि कधी, तेही.

पुढच्या खेपेला माईला त्या मुलांची नावे विचारली. ती बराच वेळ गप्प राहिली. मीही मध्ये बोललो नाही. ‘‘थोरली गोदू. दोन वर्षांची होऊन गेली. बाकीची दोघं बारशाआधीच.’’ आमच्या घरातल्या एकाही कागदावर गोदू नाही. वंशावळीत तिचे नाव आले, शेजारी दोन जागा कोऱ्या ठेवल्या.

निघताना विचारले, ‘‘आणि तुझं माहेरचं नाव?’’

‘‘यमुना. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत दुसरंच लिहिलं. पुढं मुलं झाली, मग सगळ्यांचीच माई झाले. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही.’’

मी ‘यमुना’ लिहिले. माईने चष्मा लावून वही जवळ ओढली.

‘‘शेजारी ‘यमे’ लिही,’’ ती म्हणाली. ‘‘आई तसं म्हणायची.’’