लेटरहेडवरची साक्ष

नाशिकच्या अंबड व सातपूर औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाना सोडणाऱ्या कामगाराला बहुधा दोन कागद हवे असतात. सेवेचा दाखला म्हणजे रुजू झाल्याची व नोकरी सोडल्याची तारीख आणि हुद्दा एवढेच सांगणारा कागद, जो हजेरीपटावरून उतरवता येतो; शिफारसपत्रात मात्र मालक त्या माणसाच्या कामाविषयी आपल्या सहीने मत देतो आणि अडचण तिथेच सुरू होते.

उदाहरणादाखल, यंत्रभागांची मापे तपासणाऱ्या एका क्वालिटी इन्स्पेक्टरने सहा वर्षे चोख काम केले, परंतु अखेरच्या महिन्यात दोन मायक्रोमीटर गहाळ झाले आणि चौकशी न होताच संशय त्याच्यावर राहिला, असे समजू. मालकाच्या पहिल्या मसुद्यात ‘अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व आदर्श कर्मचारी’ हे ठरीव वाक्य येते. त्यात माणूस कुठेच दिसत नाही आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द लिहिणाऱ्यालाच पटलेला नसतो. उलट संशय लिहावा, तर बदनामीचा प्रश्न उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार विधान खरे असणे एवढ्यानेच बचाव होत नाही, त्यात सार्वजनिक हितही असावे लागते. दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेल्या विधानाला अपवाद आहे, पण कायद्याच्या भाषेत सद्भाव म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, तर पुरेशी काळजी घेऊन केलेली कृती. चौकशीच झाली नसेल, तर ती काळजी घेतल्याचे दाखवणे कठीण.

म्हणून दुसऱ्या मसुद्यात संशयही नसतो आणि प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्रकही नसते. त्याऐवजी असे वाक्य येते: ‘पहिल्या नगाचा व्यास मर्यादेबाहेर आढळला, की ते स्वतः लेथपर्यंत जाऊन ऑपरेटरला टूलची झीज दाखवत आणि नव्या मुलांना मायक्रोमीटर धरायला न चिडता शिकवत.’ पत्राला ऊब येते ती अशा पाहिलेल्या तपशिलाने, विशेषणांनी नव्हे. शिवाय तपासणीच्या नोंदी हाताशी असल्याने हे वाक्य कोणी आव्हान दिले तरी टिकते.

मौनालाही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये 1994 च्या स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स या निकालाने, शिफारसपत्र देताना माजी कर्मचाऱ्याबाबत वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली. तो निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी निष्काळजी लिखाण कोणाची रोजी घालवू शकते, हे त्यातून दिसते. वगळलेल्या गोष्टीमुळे उरलेली स्तुती फसवी ठरणार असेल, म्हणजे तोच माणूस उद्या मोजमापाच्या साधनांचा स्टोअरकीपर होणार असेल, तर त्या कामासाठी शिफारस न करता पत्र तपासणीच्या कामापुरतेच ठेवणे बरे.

पत्राची प्रत फाइलला लावून काम संपत नाही, कारण नवा मालक बहुधा फोन करतोच, आणि पत्रात टाळलेला संशय तिथे ‘आपल्यातच राहू द्या’ म्हणून सांगितला जातो. बोललेले शब्दही त्याच कलमाखाली येतात.